एक स्लाइड, आठ वस्तू: दृष्टिबाधित वर्गमित्रासाठी सादरीकरण कसं तयार करायचं

डोळ्यांनी पाहणाऱ्याला स्लाइड एकाच नजरेत दिसते. मथळा वर, आलेख मध्ये, फोटो बाजूला, आणि कुठून सुरुवात करायची ते डोळा आपोआप ठरवतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याच्या बाबतीत असं होत नाही. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम. विंडोजवर नॅरेटर आणि एनव्हीडीए, मॅकवर व्हॉइसओव्हर, अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक. ऐकून वाचणाऱ्यासाठी स्लाइड ही वस्तूंची एक रांग असते. पहिली वस्तू, मग दुसरी, मग तिसरी. रांग चुकली तर गोष्ट उलटी ऐकू येते. रांगेतल्या चित्राला वर्णन नसेल तर तिथे भोक पडतं.

दृष्टिबाधित म्हणजे पूर्ण अंधत्वच असं नाही. बऱ्याच जणांना थोडं दिसतं आणि ते पडदा मोठा करून, रंग उलटे करून किंवा फाइल आपल्या लॅपटॉपवर डोळ्यांजवळ घेऊन वाचतात. काही जण मथळे डोळ्यांनी वाचतात आणि लांब मजकूर ऐकतात. म्हणून स्लाइड करायला बसण्याआधी वर्गमित्राला एक साधा प्रश्न विचारावा: तू ऐकून वाचतोस, मोठं करून वाचतोस की दोन्ही? आणि कोणत्या यंत्रावर? उत्तरावरून कुठे जास्त वेळ घालवायचा ते कळतं.

पुढे सगळं एकाच स्लाइडवर करून पाहू. समजा, जीवशास्त्राच्या गटप्रकल्पाचं सादरीकरण आहे. घेवड्याच्या बिया दोन कुंड्यांत लावल्या, एक कुंडी उजेडात ठेवली आणि दुसरी पुठ्ठ्याच्या खोक्याखाली अंधारात. निकालाच्या स्लाइडवर या आठ वस्तू आहेत: मथळा, रोपांच्या उंचीचा रेषालेख, आलेखाकडे दाखवणारा बाण, बाणाशेजारी «इथून फरक वाढतो» असा मजकूर, दोन्ही कुंड्यांचा फोटो, तळाशी करड्या रंगातली बारीक टीप, कोपऱ्यात शोभेचं पान आणि डाव्या कडेला हिरवी पट्टी. दिसायला स्लाइड छान आहे.

स्क्रीन रीडरने ती साधारण अशी ऐकू येते: «Rectangle 2. Picture 4. Chart 6. मोजमाप दर दोन दिवसांनी, दहा रोपांची सरासरी. Straight Arrow Connector 9. इथून फरक वाढतो. Picture 12. अंधारातली रोपं जास्त उंच वाढतात.» प्रत्येक रीडरची बोलण्याची पद्धत थोडी वेगळी असते, पण सार हेच. मथळा सगळ्यात शेवटी आला. टीप आलेखाच्या नावापाठोपाठ आली, पण मोजमाप कशाचं ते ऐकणाऱ्याला कळलंच नाही. «इथून» म्हणजे कुठून, तेही कळलं नाही. निकाल ज्यात होता तो आलेख आणि फोटो, दोन्ही मुके राहिले.

आधी रांग

बरेच जण सुरुवात ऑल्ट टेक्स्टपासून, म्हणजे चित्रांच्या वर्णनांपासून करतात. आमच्या मते आधी रांग लावावी. रांग लावताना स्लाइडवर नेमक्या किती वस्तू आहेत आणि त्यांतल्या कोणत्या कामाच्या आहेत हे स्पष्ट होतं, आणि वर्णनं लिहिण्याचं काम निम्म्याने कमी होतं.

मथळा शेवटी का आला? पॉवरपॉइंटमध्ये वाचनक्रम हा वस्तू एकमेकांवर कशा रचल्या आहेत यावरून ठरतो. सगळ्यात मागची वस्तू आधी वाचली जाते, सगळ्यात पुढची शेवटी. नवीन टाकलेली वस्तू नेहमी सगळ्यांच्या पुढे येऊन बसते. म्हणजे तुम्ही ज्या क्रमाने स्लाइड बनवली त्याच क्रमाने ती वाचली जाते. आपल्या स्लाइडवर मथळा अगदी शेवटी सुचला आणि टेक्स्ट बॉक्स काढून टाइप केला, म्हणून तो शेवटी ऐकू आला. तो पडद्यावर सगळ्यात वर आहे याचा इथे काही उपयोग नाही.

या मथळ्यात आणखी एक दोष आहे. तो दिसतो मथळ्यासारखा, पण पॉवरपॉइंटच्या लेखी तो साधा टेक्स्ट बॉक्स आहे. स्लाइडचं खरं शीर्षक लेआउटमधल्या «Click to add title» या चौकटीतच लिहावं लागतं. ऐकून वाचणारा माणूस चाळीस स्लाइडांमधून आपल्याला हवी ती शोधतो ती शीर्षकांच्या यादीवरून. शीर्षकाची चौकट रिकामी असेल तर यादीत नुसता आकडा येतो. उपाय सोपा आहे. Home मधल्या Layout वर जाऊन Title Only निवडा, टेक्स्ट बॉक्समधला मजकूर कापून शीर्षकाच्या चौकटीत चिकटवा आणि जुना बॉक्स पुसून टाका. सगळ्या स्लाइडांची तपासणी एका झटक्यात करायची तर View मधलं Outline View उघडा. डावीकडे प्रत्येक स्लाइडचं शीर्षक दिसतं. जिथे आकड्यापुढे काही नाही, तिथे शीर्षक नाही. दोन स्लाइडांवर «निकाल» असंच शीर्षक असेल तर तेही बदला. «निकाल: उंची» आणि «निकाल: पानांचा रंग» असं लिहिलं की ऐकणाऱ्याला दोन्हींतला फरक कळतो.

आता उरलेली रांग. Review मधल्या Check Accessibility या बटणाखालचा छोटा बाण दाबला की Reading Order Pane सापडतो. त्यात वस्तू वाचनाच्या क्रमाने, वरून खाली, लिहिलेल्या असतात. वस्तू निवडून वर-खालीच्या बाणांनी हलवायची. जुन्या आवृत्तीत हा पेन नसेल तर Home मधल्या Arrange खाली Selection Pane असतो, आणि Alt+F10 ने तो थेट उघडतो. इथे मात्र मोठी गफलत होते. Selection Pane मधली यादी उलटी असते: तळाची वस्तू आधी वाचली जाते, वरची शेवटी. वरून खाली क्रम लावून निर्धास्त झालेल्या माणसाची अख्खी स्लाइड उलटी वाचली जाते. या पेनमध्ये नावावर दोनदा क्लिक करून नाव बदलता येतं. «Picture 4» चं «कुंड्यांचा फोटो» करून ठेवा. क्रम लावताना तुमचाच गोंधळ कमी होईल.

आपल्या स्लाइडसाठी योग्य क्रम असा: शीर्षक, आलेख, आलेखावरचा मजकूर, फोटो, टीप. आठ वस्तूंपैकी पाच. उरलेल्या तिघींचं काय?

हिरवी पट्टी प्रत्येक स्लाइडवर आहे आणि काहीच सांगत नाही. तिला स्लाइडवरून कापा आणि View मधल्या Slide Master मध्ये चिकटवा. मास्टरवरच्या शोभेच्या वस्तू स्लाइडच्या वाचनक्रमात येत नाहीत, आणि दर स्लाइडला तीच पट्टी पुन्हा हाताळावी लागत नाही. कोपऱ्यातलं पान एकाच स्लाइडवर आहे. त्याच्या ऑल्ट टेक्स्टच्या पेनमध्ये «Mark as decorative» या चौकोनावर खूण करा, म्हणजे रीडर ते ओलांडून पुढे जाईल. Reading Order Pane मध्ये वस्तूच्या नावापुढची खूण काढली तरी हेच होतं.

बाण शोभेचा नाही, पण त्याचं काम शब्दांनी होऊ शकतं. अडचण «इथून» या शब्दात आहे. बाण न पाहणाऱ्याला «इथून» ला अर्थ नाही. तो मजकूर «पाचव्या दिवसानंतर फरक झपाट्याने वाढतो» असा केला की बाण फक्त पाहणाऱ्यांची सोय उरतो, आणि त्याला निर्धास्तपणे शोभेचा ठरवता येतं. गंमत म्हणजे वर्गात मागच्या बाकावर बसलेल्यांनाही ही नवी ओळ जास्त कळते. «खालील आकृती», «उजवीकडचा लाल भाग», «इथे बघा» असे शब्द आपल्या सगळ्या स्लाइडांमध्ये शोधा. प्रत्येक ठिकाणी वस्तूचं नाव घालता येतं.

रांग बदलताना एक अडचण येते. क्रम आणि थर एकच असल्याने क्रम बदलला की वस्तू पुढे-मागे सरकतात. आलेखावरचा मजकूर चुकून आलेखाच्या आधी नेलात तर तो आलेखामागे जाईल आणि झाकला जाईल. आपल्या स्लाइडवर तसं होत नाही, कारण मजकूर आलेखानंतरच वाचायचा आहे. पण फोटोवर लिहिलेला मजकूर फोटोच्या आधी वाचला जावा असं वाटलं, तर पॉवरपॉइंटमध्ये ते जमणार नाही. अशा वेळी क्रमाशी झगडू नका, मांडणी बदला. मजकूर फोटोवरून उचलून शेजारी ठेवा.

क्रम बरोबर लागला की नाही हे स्क्रीन रीडरशिवायही तपासता येतं. स्लाइडच्या रिकाम्या जागेवर क्लिक करा आणि Tab दाबत राहा. निवडीची चौकट ज्या क्रमाने एका वस्तूवरून दुसरीवर जाते, तोच वाचनाचा क्रम. चौकट मथळ्यावरून टिपेवर उडाली तर तिथेच चूक आहे.

मग वर्णनं

ऑल्ट टेक्स्ट म्हणजे चित्राच्या जागी वाचला जाणारा मजकूर. वस्तूवर उजवं क्लिक करून View Alt Text निवडा. काही आवृत्त्यांत त्याचं नाव Edit Alt Text आहे. आलेखाच्या बाबतीत बाहेरच्या कडेवर क्लिक करावं लागतं. आतल्या रेषेवर किंवा अक्षावर क्लिक केलं तर हा पर्याय सापडत नाही आणि माणूस उगाच शोधत बसतो.

काय लिहायचं? «चित्रात काय दिसतं» हा प्रश्न स्वतःला विचारला तर वर्णन भरकटतं. «हे चित्र या स्लाइडवर कशासाठी ठेवलं आहे» असं विचारलं की नेमकं वर्णन हाती येतं. कुंड्यांचा फोटो घ्या. «दोन कुंड्यांचा फोटो» हे खरं आहे, पण त्यातून निकाल कळत नाही. दुसऱ्या टोकाचं वर्णन असं: «लाकडी टेबलावर दोन तपकिरी कुंड्या, मागे पांढरी भिंत, डाव्या कुंडीवर सावली…» यातही निकाल नाही, उलट ऐकणाऱ्याचा वेळ गेला. निकालाच्या स्लाइडसाठी कामाचं वर्णन हे:

«डावीकडे उजेडातली रोपं: बुटकी, ताठ, हिरवी, पानं उघडलेली. उजवीकडे अंधारातली रोपं: दुपटीहून उंच, बारीक, फिकट पिवळी, वाकलेली, पानं लहान.»

आता हाच फोटो प्रयोगाच्या मांडणीच्या स्लाइडवर वापरला असेल तर वर्णन वेगळं होईल: «एकाच आकाराच्या दोन कुंड्या शेजारी ठेवल्या आहेत. उजव्या कुंडीचं पुठ्ठ्याचं खोकं काढून बाजूला ठेवलं आहे.» चित्र तेच, काम वेगळं. म्हणून एका स्लाइडवरून चित्र दुसऱ्या स्लाइडवर चिकटवलंत तर त्याच्याबरोबर जुनं वर्णनही येतं हे लक्षात ठेवा, आणि ते बदला.

वर्णनाची सुरुवात «चित्र» किंवा «फोटो» या शब्दाने करू नका. हे चित्र आहे हे रीडर स्वतःच सांगतो, त्यामुळे तोच शब्द दोनदा ऐकू येतो. आलेखाचा प्रकार मात्र सांगावा, कारण रेषालेख म्हटलं की ऐकणारा काळाबरोबर होणारा बदल अपेक्षित धरतो. जे चित्रात नाही तेही वर्णनात घालू नका. अंधारात रोपं उंच का वाढतात याचं कारण फोटोत दिसत नाही. ते सांगायचं तर स्लाइडच्या मजकुरात सांगा, म्हणजे सगळ्यांनाच मिळेल. फोटो टाकल्यावर पॉवरपॉइंट कधी कधी स्वतःच वर्णन भरतो. ते «कुंडीतलं रोप» अशा थराचं असतं आणि ते तसंच ठेवण्याचा मोह होतो. ते पुसून स्वतः लिहा.

आलेखाचं वर्णन अवघड वाटतं, कारण त्यात आकडे असतात. आपल्या आलेखात चार दिवसांची मोजमापं आहेत. उजेडातली रोपं तिसऱ्या दिवशी 2 सेंटिमीटर, पाचव्या दिवशी 4, सातव्या दिवशी 7 आणि नवव्या दिवशी 10. अंधारातली अनुक्रमे 2, 5, 14 आणि 22. हे आठही आकडे ऑल्ट टेक्स्टमध्ये कोंबले तर ते सलग वाचले जातात. मध्येच थांबून «सातव्या दिवशी किती होतं» असं मागे जाऊन पाहणं ऐकणाऱ्याला जड जातं. म्हणून काम दोन ठिकाणी वाटून द्या. ऑल्ट टेक्स्टमध्ये आलेखाचा आकार सांगा:

«रेषालेख: नऊ दिवसांत रोपांची उंची. पाचव्या दिवसापर्यंत दोन्ही रेषा जवळजवळ सोबत चालतात. नंतर अंधारातली रोपं झपाट्याने वाढून 22 सेंटिमीटर होतात, उजेडातली 10 सेंटिमीटर. सगळे आकडे पुढच्या स्लाइडवरच्या तक्त्यात.»

आणि पुढच्या स्लाइडवर आकड्यांचा खरा तक्ता ठेवा. खरा म्हणजे Insert मधल्या Table ने बनवलेला, एक्सेलचा स्क्रीनशॉट नव्हे. खऱ्या तक्त्यात एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जाता येतं. स्क्रीनशॉट हे पुन्हा एक मुकं चित्रच. तक्ता निवडून Table Design मध्ये Header Row वर खूण ठेवा, म्हणजे पहिली ओळ शीर्षकाची आहे हे रीडरला कळतं. दोन रकाने जोडून एक करू नका, कारण जोडलेल्या रकान्यांत आपण कुठल्या स्तंभात आहोत याचा हिशेब सुटतो.

मराठीत स्लाइड करणाऱ्यांसाठी इथे एक वेगळीच अडचण आहे, आणि ती सगळ्या वर्णनांवर पाणी फिरवू शकते. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो. पण फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, आणि फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा वेश चढवतो. स्क्रीन रीडरला हा वेश दिसत नाही, त्यामुळे तो निरर्थक अक्षरं बोलत सुटतो. ओळखायची खूण सोपी: मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथेही मराठी दिसली तर ठीक. इंग्रजी अक्षरांचा खिचडा झाला तर तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागेल किंवा पुन्हा टाइप करावा लागेल. फॉन्टचं नाव बदलून मंगल किंवा निर्मला केल्याने काम होत नाही, कारण आतली अक्षरं रोमनच राहतात. जुन्या प्रकल्पांतून उचललेल्या स्लाइडांमध्ये हा प्रकार हमखास सापडतो.

मजकूर युनिकोडमध्ये असेल तर त्याची भाषाही नोंदवा. मजकूर निवडा, Review मध्ये Language खाली Set Proofing Language उघडा आणि Marathi निवडा. काही रीडर या नोंदीवरून कोणत्या भाषेचा आवाज वापरायचा ते ठरवतात. लघुरूपं टाळा. «सेंमी» काही आवाज विचित्र उच्चारतात, «सेंटिमीटर» नीट ऐकू येतं.

आणि रंग

आता थोडं दिसणाऱ्या वर्गमित्राचा विचार करू. त्याच्यासाठी मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात पुरेसं अंतर हवं. हे अंतर मोजता येतं. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांत त्याचं सूत्र आहे, आणि स्लाइडांनाही ते चालतं:

```
(L1 + 0.05) / (L2 + 0.05)
```

L1 म्हणजे दोघांतल्या उजळ रंगाची उजळता आणि L2 गडद रंगाची. काळा 0, पांढरा 1. त्यामुळे पांढऱ्यावर काळा मजकूर 21:1 येतो, आणि यापुढे जाताच येत नाही. नियम म्हणतो की साध्या मजकुरासाठी किमान 4.5:1 हवं. 18 पॉइंट किंवा त्याहून मोठ्या, अथवा 14 पॉइंटच्या ठळक मजकुराला 3:1 चालतं. आलेखातल्या रेषांसारख्या अर्थ सांगणाऱ्या भागांनाही पार्श्वभूमीशी 3:1 हवं.

स्लाइडवरचा बहुतेक मजकूर 18 पॉइंटहून मोठाच असतो, मग 3:1 वर भागवावं का? भागवू नये, कारण सूत्र पडद्याचं आहे आणि वर्गात प्रोजेक्टर असतो. खिडकीतून आलेला उजेड भिंतीवरच्या गडद भागावरही पडतो आणि उजळ भागावरही, म्हणजे दोन्हींत सारखीच भर पडते. समजा, ही भर 0.2 एवढी आहे. मग 21:1 चं काळं-पांढरं उरतं 1.25 भागिले 0.25, म्हणजे 5:1. आणि 4.5:1 चा मजकूर घसरून 2.9:1 च्या आसपास येतो. लॅपटॉपवर जे ठीक दिसतं ते भिंतीवर पुसट का होतं, त्याचं हे कारण. म्हणून सगळ्याच मजकुराला 4.5:1 ही किमान पायरी धरा आणि जमेल तिथे 7:1 गाठा.

आपल्या स्लाइडवर तळाची टीप पांढऱ्यावर #A5A5A5 या करड्या रंगात, 14 पॉइंटमध्ये आहे. तिचं गुणोत्तर 2.5:1 येतं. तिचा रंग #595959 केला की 7:1 मिळतं. करडा करडाच राहतो, फक्त वाचता येतो. मापही 18 पॉइंट करा. टीप मावत नसेल तर शब्द कमी करा, अक्षरांचं माप नको.

खरी गंमत आलेखात आहे. उजेडातल्या रोपांची रेषा हिरवी, #70AD47. अंधारातल्यांची नारिंगी, #ED7D31. हे दोन्ही पॉवरपॉइंटच्या बरीच वर्षं चाललेल्या ठरीव रंगसंचातले रंग आहेत, त्यामुळे असंख्य आलेखांत सापडतात. पांढऱ्यावर हिरव्याचं गुणोत्तर 2.7:1, नारिंगीचं 2.8:1. दोन्ही 3:1 च्या खाली. आणि या दोघांची आपसातली तुलना केली तर उत्तर येतं 1.02:1. म्हणजे उजळतेत दोघांत जवळजवळ काहीच फरक नाही. रंग ज्याला नीट वेगळे दिसत नाहीत त्याला इथे दोन सारख्याच रेषा दिसतात, आणि बाजूच्या रंगसूचीत दोन सारखेच ठिपके.

हे डोळ्यांनी पाहायचं तर विंडोजच्या Settings मध्ये Accessibility खाली Color filters आहे. तिथे Grayscale चालू करा आणि आलेख पाहा. दोन रेषा एकाच करड्या रंगात मिसळून जातील. काम झाल्यावर फिल्टर बंद करा.

दुरुस्ती तीन पावलांत होते. हिरव्याऐवजी गडद हिरवा #385723 घ्या, पांढऱ्यावर 8.2:1. नारिंगीऐवजी गडद नारिंगी #C55A11, पांढऱ्यावर 4.3:1. तो रेषेला पुरेसा आहे, पण त्या रंगात बारीक मजकूर लिहू नका. हे दोन रंग एकमेकांशी मात्र 1.9:1 वरच थांबतात, आणि म्हणून नुसता रंग बदलून काम संपत नाही. अंधारातल्या रोपांची रेषा तुटक करा: रेषेवर उजवं क्लिक, Format Data Series, मग Dash type. रेषेची जाडी 3 पॉइंट ठेवा. शेवटचं आणि सगळ्यात उपयोगी पाऊल म्हणजे रंगसूची काढून टाकून प्रत्येक रेषेच्या टोकाला तिचं नाव लिहा, «उजेड» आणि «अंधार». पडदा चारपट मोठा करून वाचणाऱ्याला आलेख आणि रंगसूची एकाच वेळी दिसत नाहीत. सूचीकडे जाऊन रंग लक्षात ठेवून परत यायचं, हे काम नावं टोकाला आल्यावर उरतच नाही.

गुणोत्तर हाताने काढायची गरज नाही. Colour Contrast Analyser हा मोफत प्रोग्राम आहे. त्यातल्या ड्रॉपरने पडद्यावरचे दोन रंग उचलले की गुणोत्तर दिसतं. फोटोवर लिहिलेल्या मजकुराचं एकच गुणोत्तर नसतं, कारण प्रत्येक अक्षरामागे वेगळा रंग येतो. तिथे मजकुरामागे पूर्ण अपारदर्शक पट्टी घाला.

एक गोष्ट मापात बसत नाही. काही अल्पदृष्टी व्यक्तींना पांढऱ्या पडद्याची तिरीप सहन होत नाही, त्यांना गडद पार्श्वभूमीवर उजळ अक्षरं बरी वाटतात. सगळ्यांना चालेल असा एक रंगसंच नसतो. म्हणून रंग देताना पॅलेटमधल्या Theme Colors च्या रांगांतूनच घ्या, आणि आपले नवे रंग Design मधल्या Variants खाली Colors मध्ये रंगसंच म्हणून नोंदवा. मग वर्गमित्राला आपल्या प्रतीत एका क्लिकने अख्खं सादरीकरण गडद करता येतं. प्रत्येक अक्षराला हाताने वेगळा रंग दिला असेल तर तो रंग तसाच चिकटून राहतो, आणि काळ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं उरतात.

ऐकून पाहणं आणि फाइल देणं

Review मधलं Check Accessibility चालवा, पण त्याच्या निकालावर विसंबू नका. ऑल्ट टेक्स्ट रिकामं आहे का, शीर्षक गायब आहे का, हे ते पकडतं. वर्णन अर्थपूर्ण आहे का किंवा «इथून» चा अर्थ लागतो का, हे त्याला कळत नाही. त्यासाठी कान लागतात. विंडोजवर Ctrl+Windows+Enter दाबलं की नॅरेटर सुरू होतो, त्याच बटणांनी बंद होतो. स्लाइडकडे पाठ करा आणि Tab दाबत ऐका. दुरुस्त केलेली आपली स्लाइड आता अशी येते: शीर्षक, «अंधारातली रोपं जास्त उंच वाढतात». मग आलेखाचं वर्णन. मग «पाचव्या दिवसानंतर फरक झपाट्याने वाढतो». मग दोन कुंड्यांमधली बुटकी हिरवी आणि उंच पिवळी रोपं. शेवटी मोजमापाची टीप. आठच्या जागी पाच वस्तू, आणि प्रत्येकीत माहिती.

फाइल .pptx म्हणूनच द्या, आणि सादरीकरणाच्या आदल्या दिवशी द्या, म्हणजे वर्गात बोलणं आणि रीडर दोन्ही एकदम ऐकायची वेळ येत नाही. पीडीएफ द्यावीच लागली तर Save As ने बनवा आणि Options मध्ये «Document structure tags for accessibility» वर खूण आहे ना, ते पाहा. Print मधून बनवलेल्या पीडीएफमध्ये वर्णनं आणि वाचनक्रमाच्या खुणा उतरत नाहीत. गटाच्या चॅटवर स्लाइडांचे स्क्रीनशॉट टाकले तर शीर्षकासकट सगळंच पुन्हा चित्र होतं.

वर्गात बोलताना स्लाइड बदलली की तिचा क्रमांक आणि शीर्षक मोठ्याने म्हणा: «स्लाइड 6, निकाल: उंची.» वर्गमित्र आपल्या लॅपटॉपवर त्याच स्लाइडवर येतो, आणि तुम्ही «22 सेंटिमीटर» म्हणता तेव्हा तो आकडा तक्त्याच्या कुठल्या ओळीत आहे ते त्याला सापडतं.